क्लच का घसरतो

नागपुरातील वर्धा मार्गावर खाली जुना महामार्ग, मध्ये उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रोचे रूळ अशी जी दुमजली रचना उभी आहे, तिच्या चढणीवर एखादा मोटारसायकलस्वार चौथ्या गिअरमध्ये पुढच्या ट्रकला ओलांडण्याच्या हेतूने मूठ एकदम पूर्ण पिळतो, इंजिनचा आवाज तत्क्षणी चढतो, फेरे दाखविणारा काटा पाच हजारांवरून साडेसहा हजारांवर उडी घेतो, आणि तरीही वेगाचा काटा जिथे होता तिथेच घुटमळत राहतो. मूठ थोडी सैल केली की आवाज खाली येतो आणि गाडी पुन्हा मुकाट्याने चालू लागते. असा प्रकार दोनचार वेळा झाला म्हणजे मालक प्लग बदलतो, कार्बुरेटर साफ करवून घेतो आणि पेट्रोलपंपाला दोष देतो. वस्तुतः इंजिनाने आपले काम चोख बजावलेले असते. त्याने निर्माण केलेला जोर गिअरपेटीत पोहोचण्यापूर्वीच वाटेत जिरून जातो, आणि तो जिथे जिरतो ती जागा म्हणजे इंजिनच्या उजव्या कव्हराआड तेलात बुडालेला क्लच.

तेलात बुडालेला हे विशेषण विचित्र वाटण्याजोगे आहे खरे. ज्या यंत्राने केवळ घर्षणाच्या बळावर जोर पुढे पाठवायचा, त्यालाच तेलाने माखून ठेवण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न वाजवी आहे. त्याचे उत्तर उष्णतेत आहे. सिग्नलवरून सुटताना क्लच दरवेळी काही क्षण मुद्दाम घसरू द्यावा लागतो, आणि त्या घसरणीत उत्पन्न होणारी उष्णता वाहून नेण्याचे काम तेल करते. शिवाय तेलातला क्लच आटोपशीर बसतो, आवाज करीत नाही आणि पुष्कळ वर्षे टिकतो. घर्षणाची जी हानी तेलामुळे होते, तिची भरपाई पृष्ठांची संख्या वाढवून केली जाते. म्हणून या क्लचमध्ये एकच मोठी तबकडी नसून, लायनिंग बसविलेल्या प्लेटा आणि साध्या पोलादी प्लेटा एकाआड एक रचलेल्या असतात. पहिल्यांचे दात बाहेरच्या हाउसिंगच्या खाचांत अडकलेले असतात, ते हाउसिंग इंजिन फिरवते. दुसऱ्यांचे दात आतल्या हबमध्ये, तो गिअरपेटीच्या दांड्यावर असतो. या सर्व थप्पीला प्रेशर प्लेट आणि चारपाच स्प्रिंगा अहोरात्र दाबून धरतात. डाव्या हातातील लिव्हर ओढल्याने क्लच लागत नाही, तो सुटतो. लागलेला राहणे ही त्याची स्वाभाविक अवस्था होय, आणि ती टिकविण्याची सर्व जबाबदारी स्प्रिंगांवर असते.

लायनिंगचा पदार्थ पूर्वी बुचाचा असे. आता तो बहुतेक ठिकाणी तंतू आणि राळ यांपासून बनविलेला, कागदासारखा सच्छिद्र असतो. प्लेटा एकमेकींवर दाबल्या जाताना मधले तेल त्या छिद्रांतून आणि खाचांतून बाजूला सारले जाते, तथापि सर्वस्वी जात नाही. पृष्ठावर रेणूंइतका पातळ थर शिल्लक राहतो आणि घर्षण किती मिळेल याचा निकाल तो थर लावतो. हा तपशील ध्यानात ठेवावा, कारण चुकीच्या तेलाचे सारे प्रकरण यावरच उभे आहे.

आता हिशेब मांडू. कोणत्याही क्लचला किती जोर पेलेल हे चार गोष्टींवर ठरते: एकमेकांवर टेकणारी पृष्ठे किती, त्यांची सरासरी त्रिज्या किती, स्प्रिंगांचा एकूण दाब किती, आणि घर्षणाचा गुणांक किती. या चारांचा गुणाकार केला की क्लचची क्षमता हाती येते. दीडशे सीसीची एक सर्वसाधारण मोटारसायकल घेऊ. आकडे ठोकळ आहेत आणि मॉडेलनुसार बदलतील, परंतु प्रमाण तेच राहील. तिच्या इंजिनचा कमाल पीळ, म्हणजे ज्याला टॉर्क म्हणतात तो, १३ न्यूटन-मीटर. क्रँक आणि क्लच यांच्या दरम्यान सुमारे साडेतीनपटींची दातेरी जोडी असते, त्यामुळे क्लचपाशी येणारा पीळ सुमारे ४५ भरतो. लायनिंगच्या प्लेटा पाच, म्हणजे पृष्ठे दहा. सरासरी त्रिज्या ५० मिलिमीटर. चार स्प्रिंगा, प्रत्येकीचा दाब २८ किलो, एकूण ११२ किलो. आणि योग्य तेलात घर्षणाचा गुणांक ०.१२. एक किलो म्हणजे मोठ्या मानाने दहा न्यूटन धरून गुणाकार केला, तर क्षमता ६७ न्यूटन-मीटर येते. गरज ४५ची, ऐपत ६७ची. अर्थात कारखान्याने गरजेच्या दीडपट क्षमता देऊन गाडी बाहेर पाठविली आहे. वरचे २२ हे राखीव होत.

क्लच घसरू लागला, तो अमुक एका भागाच्या अपराधाने घसरला, असा समज गॅरेजांतून सर्रास आढळतो. माझ्या मते तो बहुधा चुकीचा असतो. खरा प्रकार असा, की या राखीव बावीसांतून तीन वेगवेगळे हात वर्षानुवर्षे थोडेथोडे काढीत असतात, आणि शिल्लक संपते त्या दिवशी जो हात पुढे दिसतो त्याच्यावर आळ येतो.

पहिला हात झिजेचा. नवी लायनिंगची प्लेट सुमारे ३ मिलिमीटर जाड असते आणि पुष्कळशा गाड्यांच्या पुस्तिकांत २.६ ही अखेरची मर्यादा दिलेली असते. समजा आपली प्रत्येक प्लेट २.७ वर आली. मर्यादेत आहे, म्हणून कोणी हरकत घेणार नाही. परंतु पाच प्लेटांची मिळून थप्पी दीड मिलिमीटरने बुटकी झाली, आणि तेवढ्याने स्प्रिंगा लांबल्या. दर मिलिमीटरला अडीच किलो या हिशेबाने प्रत्येक स्प्रिंगचा दाब पावणेचार किलोंनी उतरला. एकूण दाब ९७ किलो, आणि क्षमता ५८. झिजलेली प्लेट घर्षण कमी करते म्हणून क्लच घसरतो ही कल्पना यामुळे अर्धवट ठरते. लायनिंग शिल्लक आहे तोवर घर्षण जवळपास तेच असते, कमी होतो तो दाब.

दुसरा हात स्प्रिंगांच्या थकव्याचा. सदैव दाबलेली आणि तापलेल्या तेलात बसलेली स्प्रिंग काही वर्षांनी आपली मूळ लांबी हरवून बसते. ती एक मिलिमीटरने आखूड झाली असे धरले तर दर स्प्रिंगमागे आणखी अडीच किलो गेले. एकूण ८७ किलो, क्षमता ५२. अजूनही ४५च्या वर आहे, गाडी घसरत नाही, आणि मालकाला कशाचीच खबर नाही.

तिसरा हात तेलाचा, आणि तो इतर दोघांपेक्षा अधिक विस्ताराने पाहण्याजोगा आहे, कारण झीज आणि थकवा वर्षांच्या हिशेबाने येतात, तेल मात्र एका दुपारीत येते. आपल्याकडे १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० ही चार-स्ट्रोक गाडी आली, त्यापूर्वी रस्त्यावर दिसणाऱ्या राजदूत, येझदी यांसारख्या दोन-स्ट्रोक गाड्यांत इंजिनचे तेल पेट्रोलबरोबर जळून जाई आणि क्लच गिअरपेटीच्या वेगळ्या तेलात राही. जुन्या ओतीव लोखंडी इंजिनच्या बुलेटमध्येही क्लचच्या कप्प्याचे तेल निराळे असे. नव्या व्यवस्थेत इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना एकाच तेलावर गुजराण करावी लागते. इंजिनला जितके निसरडे तेल मिळेल तितके हवेच असते. क्लचला मात्र तोच निसरडेपणा घातक. मोटारींचे क्लच कोरडे आणि वेगळे असल्यामुळे मोटारींच्या तेलांत इंधन वाचविण्यासाठी घर्षण घटविणारी द्रव्ये, त्यांत मॉलिब्डेनमची संयुगे विशेष, निर्वेधपणे घालता येतात. तीच द्रव्ये मोटारसायकलच्या लायनिंगवरील तो रेणूंचा थर अधिक गुळगुळीत करून सोडतात.

ही अडचण ध्यानी घेऊन जपानच्या मोटार-मानक संस्थेने १९९८ मध्ये जासो टी ९०३ हे मानक लागू केले. त्यात तेल एका चाचणीयंत्रात खऱ्या क्लच-प्लेटांवर तपासून, घर्षण पुरेसे टिकविणाऱ्यांना एमए आणि कमी घर्षणाच्या तेलांना एमबी हा वर्ग दिला जातो. पुढे २००६ मध्ये एमएचे एमए-१ आणि एमए-२ असे पोटवर्ग झाले, त्यांतला दुसरा अधिक घर्षणाचा. एमबी हे हलक्या प्रतीचे तेल होय असे मुळीच नाही. ज्या गिअरलेस स्कूटरांचा क्लच कोरडा असतो त्यांच्यासाठी ते उत्तम.

आणि घोटाळा नेमका इथेच होतो. डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला १०डब्ल्यू-३० हा आकडा केवळ पातळपणा-घट्टपणाचा आहे, घर्षणाचा नव्हे. आणि तोच आकडा स्कूटरच्या एमबी तेलावरही असतो आणि कितीतरी मोटारसायकलींच्या एमए तेलावरही. प्रतापनगरातील एखाद्या घरी एक स्कूटर आणि एक मोटारसायकल असावी, स्कूटरच्या डब्यात पावभर तेल उरावे आणि आकडा जुळतो म्हणून ते मोटारसायकलीत जावे, हे अगदी घडण्यासारखे आहे. याउलट १०डब्ल्यू-३०च्या जागी २०डब्ल्यू-५० घातले म्हणून क्लच घसरला, अशी कैफियत मी पुष्कळदा ऐकली आहे आणि ती मला पटलेली नाही. घट्ट तेलाचा त्रास वेगळ्या जातीचा असतो: डिसेंबरातील पहाटे, पारा दहा अंशांच्या आसपास असताना, लिव्हर ओढूनही प्लेटा एकमेकींना चिकटून राहतात आणि पहिला गिअर खाडकन पडतो. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला म्हणजे तेल पातळ होते हेही खरे. पण पातळ तेलाने इंजिनची झीज वाढेल, क्लचची पकड मात्र मुख्यतः त्या तेलात मिसळलेल्या द्रव्यांवर अवलंबून राहील. ट्रकच्या डिझेल इंजिनचे १५डब्ल्यू-४० पुष्कळ लोक घालतात आणि त्यांचे क्लच सहसा टिकतात, त्याचेही कारण हेच, की त्या तेलांत घर्षण घटविणारी द्रव्ये बहुधा नसतात. तरी डब्यावर जासोचा शिक्का नसेल तर त्याची हमी कोणी दिलेली नाही. मायलेज वाढविण्याचे आश्वासन देणाऱ्या छोट्या बाटल्या मात्र मी निरपवादपणे वर्ज्य समजतो.

आता आपला हिशेब पुरा करू. चुकीच्या तेलाने गुणांक ०.१२ वरून ०.०९ वर आला असे धरले, तर नव्या कोऱ्या क्लचचीही क्षमता ६७ वरून ५० होते. पण तो घसरत नाही, आणि मालक म्हणतो, मी हेच तेल घातले होते, काही झाले नाही. तेच तेल आपल्या झिजलेल्या, थकलेल्या क्लचमध्ये पडले की ५२चे ३९ होतात, आणि गरज ४५ची आहे. पुढचा भाग अधिक बोधक आहे. मिस्त्रीने केवळ स्प्रिंगा नव्या टाकल्या तर क्षमता सुमारे ४४ येईल, म्हणजे घसरण राहीलच. केवळ प्लेटा नव्या टाकल्या तर सुमारे ४६. गाडी दुरुस्त झाली असे वाटेल आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तक्रार येईल, प्लेटा नकली निघाल्या म्हणून दुकानदाराशी भांडण होईल, आणि तेल तसेच राहील. केवळ तेल बदलले तर ५२, आणि घसरण थांबेल. मात्र राखीव फारसे उरलेले नाही हे कोणाच्या ध्यानात येणार नाही.

घसरण जोरात मूठ पिळल्यावरच आणि वरच्या गिअरमध्येच का दिसते, याचाही खुलासा यातून होतो. अर्ध्या मुठीवर इंजिन कदाचित २० न्यूटन-मीटरच क्लचपाशी पाठविते, आणि ३९ची ऐपत त्याला पुरून उरते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी इतक्या झपाट्याने वेग घेते, की इंजिन आपल्या कमाल पिळाच्या टप्प्यातून क्षणार्धात निघून जाते, आणि फेरे तसेही वाढत असल्यामुळे थोडी घसरण झाली तरी ती कानाला कळत नाही. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये, चढावर, इंजिन त्या टप्प्यावर बराच वेळ तग धरून राहते, आणि तिथे क्लच उघडा पडतो. मागे माणूस बसवल्याने धावता क्लच घसरतो असे म्हणतात ते शब्दशः खरे नाही. इंजिन जितका पीळ देईल त्यापेक्षा अधिक क्लचवर येऊ शकत नाही, फक्त डबल सीट असताना मूठ अधिक पिळली जाते एवढेच. सिग्नलवरून उठताना मात्र दुसऱ्या माणसाचे वजन खरोखर भोवते, कारण तेव्हाची मुद्दामची घसरण लांबते.

एकदा घसरण सुरू झाली की ती आपली आपणच वाढत जाते. ३९ न्यूटन-मीटरचा क्लच मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या फरकाने घसरत असेल, आणि तेव्हा इंजिनचा काटा सतराअठराशेंनी जास्त दाखवीत असतो, तर प्लेटांच्या त्या तळहाताएवढ्या थप्पीत दोन किलोवॅट उष्णता ओतली जाते, म्हणजे कपड्यांच्या दोन इस्त्र्या एकदम चालू ठेवल्यासारखे. लायनिंगची राळ करपून पृष्ठावर काचेसारखी चकाकी येते, पोलादी प्लेटा वाकतात, आणि तीनशे अंशांच्या आसपास पोचल्या की त्यांच्यावर निळे डाग पडतात. तेलाला करपट वास येतो. या अवस्थेनंतर तेल बदलून भागत नाही.

तपासाची सुरुवात मात्र पान्याने न करता लिव्हरने करावी. लिव्हरच्या टोकाला दहा ते वीस मिलिमीटर मोकळी हालचाल असावी अशी बहुतेक लहान गाड्यांची शिफारस असते. केबल ताणली की ही हालचाल वाढते. उलट प्लेटा झिजल्या की बहुतेक रचनांत प्रेशर प्लेट आपली जागा बदलून ती कमी करीत आणते. त्यामुळे कोणी हात न लावता लिव्हरची ढील हळूहळू नाहीशी होत गेली असेल, तर तो झिजेचा पहिला पुरावा समजावा. ढील शून्य झाली की स्प्रिंगांचा काही दाब केबलच खाऊन टाकते आणि चांगला क्लचही घसरतो. कित्येक वेळा अ‍ॅडजस्टरचा नट चार आटे फिरवण्यापलीकडे दुरुस्तीची गरजच नसते. ढील बरोबर असेल तर मोकळा सरळ रस्ता पाहून, इंजिन गरम झाल्यावर, वरच्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने जाताना मूठ एकदम पूर्ण उघडून पाहावी. फेरे आणि वेग हातात हात घालून चढले तर क्लच निर्दोष आहे, मग गाडी कितीही मंद उचलत असो. त्या मंदपणाचे कारण एअर फिल्टरमध्ये, व्हाल्वमध्ये किंवा अडकलेल्या ब्रेकमध्ये शोधावे. फेरे एकटेच पुढे निघाले तर कव्हर उघडावे.

उघडताना स्प्रिंगांचे बोल्ट आडवे-तिडवे, थोडेथोडे सैल करावेत, नाहीतर प्रेशर प्लेट तिरकी होऊन तिचे खांब मोडतात. प्रत्येक लायनिंगची जाडी व्हर्नियरने तीनचार ठिकाणी मोजावी. स्प्रिंगा एका सपाट काचेवर शेजारी शेजारी उभ्या करून त्यांची मोकळी लांबी पुस्तिकेतील आकड्याशी ताडावी; एकच आखूड निघाली तरी संच बदलावा, कारण असमान दाबाने प्रेशर प्लेट कलते. त्याच काचेवर पोलादी प्लेट ठेवून खाली फीलर गेज सरकवावे, ०.२ मिलिमीटरची पाती शिरली तर ती वाकलेली आहे. हाउसिंगच्या खाचांत प्लेटांच्या दातांनी चर पाडले असतील तर त्यांची नोंद घ्यावी, जरी त्यांचा दोष घसरणीचा नसून क्लच न सुटण्याचा असतो.

गॅरेजांत दोन युक्त्या प्रचलित आहेत. चकाकी आलेली लायनिंग पॉलिशपेपरवर घासणे, ही त्यांतली कमी अपायकारक. चार दिवस निभावते, पण आधीच झिजलेली प्लेट आणखी पातळ होते आणि दाब आणखी उतरतो. दुसरी म्हणजे स्प्रिंगखाली वॉशर घालणे. दाब वाढतो यात शंका नाही, परंतु लिव्हर जड होते, केबल लवकर तुटते, आणि लिव्हर पूर्ण ओढल्यावर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकले तर क्लच पुरता सुटतच नाही.

नव्या प्लेटा बसविण्यापूर्वी त्या काही तास योग्य तेलात भिजत ठेवाव्यात, कोरड्या प्लेटा पहिल्याच सिग्नलवर करपतात. बोल्ट लहान असतात, दहा-बारा न्यूटन-मीटरपलीकडे त्यांना आवळण्याचे कारण नाही. चुकीच्या तेलाचा संशय असेल तर जुने तेल गाडी गरम असताना सोडावे आणि गाडीच्या पुस्तिकेतील घट्टपणाचे, एमए किंवा एमए-२ शिक्क्याचे तेल भरावे. तरीही इंजिनच्या पोटात आणि लायनिंगच्या छिद्रांत थोडे जुने तेल राहतेच, म्हणून दोनतीनशे किलोमीटर चालवून ते पुन्हा एकदा बदलण्याचा खर्च मी करवून घेतो. प्लेटा चकाकलेल्या नसतील तर या दुसऱ्या बदलापर्यंत पकड बहुधा परत येते. नाही आली, तर लायनिंगला कायमचा अपाय झाला असे समजून, प्लेटा आणि स्प्रिंगा दोन्ही एकाच वेळी बदलाव्यात.